६०० ची शीट: १३ तासांत पुण्यात परत!

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की ३०० किलोमीटरच्या सायकल राइडच्या एक्सेल शीटवरूनच ६०० ची शीट बनवतो, त्यात काय एवढं. चार रात्री गेल्या.

चारही टप्पे भरले: ७:२०, ८:०५, ७:४५, ८:१०. थांबे १:१०, झोप धरून ३:३०, आणि १:००. खाली `SUM`. उत्तर आलं १३:००. बायको मागे उभी होती. "म्हणजे शनिवारी पहाटे पाचला निघून संध्याकाळी सहाला घरी ना? मग रिसेप्शनला येशील."

६०० किलोमीटर, खंबाटकी धरून, १३ तासांत! आधी वाटलं एखादा थांबा सुटला. कागदावर बेरीज केली तर ३७:०० आली. मग रेंज तपासली, सगळे आकडे पुन्हा टाइप केले, फाइल बंद करून उघडली. १३:०० हललं नाही. ३०० ला ही गंमत कधीच दिसली नव्हती, कारण ती २० तासांत संपवायची असते, बेरीज २४ च्या पुढे जातच नाही. इथेही पहिले तीन टप्पे मिळून २३:१० अगदी बरोबर दिसत होते. चौथा मिळवला की ७:२०.

सुगावा लागला तो राइड संपवायच्या वेळमर्यादेच्या सेलमध्ये. तिथे ४०:०० टाइप केलं होतं आणि ते चक्क ४०:००:०० दिसत होतं. म्हणजे एक्सेलला २४ च्या वरचे तास कळतात, फक्त माझ्या बेरजेला दाखवायचे नाहीत! त्या सेलवर क्लिक केल्यावर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये १ जानेवारी १९००, १६:०० असं काहीतरी विचित्र दिसलं आणि तिथे ट्यूब पेटली. एक्सेलच्या लेखी १ म्हणजे एक अख्खा दिवस आणि तास म्हणजे त्याचा अपूर्णांक. बेरजेच्या सेलला `General` फॉरमॅट देऊन बघितलं तर १.५४१६६७. दीड दिवस आणि वर एक तास, म्हणजे बरोब्बर ३७. बेरीज पहिल्यापासून बरोबरच होती. ७:२० टाइप केलं की सेलला आपोआप `h:mm` फॉरमॅट लागतो आणि बेरजेनेही तोच उचलला होता. `h:mm` घड्याळाची वेळ दाखवतो, पूर्ण झालेला दिवस गिळून टाकतो. ४०:०० टाइप करताना मात्र एक्सेलने स्वतःच कंसवाला फॉरमॅट लावला होता.

उपाय एका ओळीचा. बेरजेच्या सेलवर `Ctrl+1`, मग `Custom`, आणि `Type` मध्ये:

```
[h]:mm
```

चौकोनी कंस म्हणजे २४ ला शून्यावर येऊ नकोस, मोजत राहा. ३७:०० दिसल्यावर मी रात्री साडेबाराला उठून चहा टाकला. गूगल शीट्समध्येही हाच कस्टम फॉरमॅट चालतो, शिवाय `Duration` तयारच मिळतो, आणि त्याबाबतीत मला गूगल जास्त आवडतं.

त्याच रात्री पुढचा खड्डा. सरासरी वेगासाठी ६०० ला सायकल चालवण्याच्या वेळेने (३१:२०, `B6`) भागलं, तर ताशी ४५९ किलोमीटर आणि वर काही! कारण तेच, भागाकार दिवसांनी झाला. कंसाने फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा दिवसांतच राहतो. म्हणून:

```
=600/(B6*24)
```

आता १९.१५. हे झेपेल. (उत्तराच्या सेलला `Number` फॉरमॅट द्या, नाहीतर तोही वेळच दाखवत बसेल.) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या ओळीतही तेच. नुसतं `&` ने जोडलं की १.५४१६... छापतं, म्हणून एकूण वेळेच्या `B11` साठी:

```
="एकूण "&TEXT(B11,"[h]:mm")
```

बफर, म्हणजे मर्यादेतून एकूण वेळ वजा करून उरलेला वेळ, ३:०० येतोय. पण झोप साडेसात तासांची धरून बघितली तर बफरच्या सेलमध्ये नुसत्या ####. एकूण ४१:०० झाले, बफर उणे एक तास, आणि एक्सेल उणे वेळ दाखवतच नाही. १९०४ ची तारीख पद्धत निवडली की दाखवतं, पण त्याने शीटमधल्या जुन्या तारखा चार वर्षं आणि एक दिवसाने सरकतात, त्यामुळे मी ते केलं नाही. बफर तासांच्या साध्या आकड्यात काढला:

```
=(B12-B11)*24
```

आता -१ दिसतं, लाल रंगही लावलाय. `B12` म्हणजे ती ४०:०० ची मर्यादा.

यानंतर वेगाचा ग्राफ काढणार होतो, पण लिहितालिहिता वाटलं की प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी, नुसती वेळ न टाकता तारीख आणि वेळ दोन्ही टाकावी. मग मध्यरात्र ओलांडणाऱ्या टप्प्यात वजाबाकी उणे जाणार नाही आणि पोचण्याच्या सेलमध्ये वारही दाखवता येईल. आज तेवढंच केलं. शेवटच्या ओळीत आता "रवि १८:००" दिसतंय. रिसेप्शन शनिवारी आहे, हे अजून घरी सांगायचंय.