चारला सगळे मोकळे

"दहावीच्या ग्रुपवर कुणी 'भेटूया रे' टाकलं की सगळे 'नक्की' म्हणतात अन् पुढं काहीच होत नाही. तुमचं कसं काय जमलं?"

चार वर्षं आमचंही तसंच गेलं. परभणीचा एक मित्र दर गणपतीत लिहायचा, खाली अंगठ्यांची रांग लागायची, विषय संपायचा. पाचव्या वर्षी त्याच्या पोस्टखाली मी लिहिलं:

'भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, अंबाजोगाईत, आपल्या शाळेच्या हॉलमध्ये. जेवण एकला, चारला सगळे मोकळे. माणशी ४०० रुपये. दसऱ्यापर्यंत १५ जणांचे आले तर ठरलं, नाहीतर सगळ्यांचे परत.'

टाकायच्या आधी तीन फोन केले होते. हेडमास्तरांना हॉलसाठी, आचाऱ्याला ताटाचा भाव विचारायला अन् त्या परभणीकराला. नाहीतर त्याला वाटलं असतं, ह्यानं माझा कार्यक्रम पळवला.

तारीख एकच दिली, कारण आदल्या वर्षी मी तीन तारखा टाकून मतं मागितली होती. ९, ८ आणि ११ पडली. ११ वाली तारीख जिंकली खरी, पण उरलेल्या सतरा जणांनी आपण सुटलो असंच धरलं. या वेळी दिवसच असा धरला की वर्गातल्या पोरी भाऊबीजेला माहेरी असतात, पुण्याला गेलेले घरी असतात, शेतीवाल्यांचं सोयाबीन निघालेलं असतं. मे महिन्यात म्हणाल तर अर्धा वर्ग कुणाच्या तरी लग्नात अक्षता टाकत असतो.

'चारला मोकळे' हे मी सहज लिहिलं होतं. पण लातूरहून एकीनं वेगळा मेसेज करून विचारलं, "चार म्हणजे चारच ना?" घरी पाहुणे, परतीची एसटी, सगळा हिशोब तिला त्यावर बसवायचा होता. पहिले पैसे आले ते तिघी बायांचेच.

दसऱ्याच्या संध्याकाळी आकडा १३. मुदत वाढवायचा मोह झाला. पण एकदा वाढवली की ती तारीख कुणी तारीख मानत नाही. मग अंगठा देऊन पैसे न दिलेल्या सहा जणांना फोन लावले. "जमत नसेल तर नाही म्हण, मला राग नाही." चौघांनी बोलता बोलता पैसे टाकले, दोघांनी सरळ नाही सांगितलं. मला ते 'बघतो'पेक्षा पुष्कळ बरं वाटलं.

१७ जणांचे पैसे आले, आचाऱ्याला २० ताटं सांगितली. आले २१. पैसे न देता आलेल्यांतला एकजण तर मेहुण्याला घेऊन. येसर आमटी पुरली, भाकरी कमी पडली, अन् शेवटच्या पंगतीला परभणीकरानं स्टँडवरून पाव आणून वाढले.