टाकीचे गणित: नोंद तिसरी

गेल्या आठवड्यात चालणारे माझे कोष्टक सोमवारी उघडले, तेव्हा वाया जाणारे पाणी जवळपास दुप्पट दिसत होते.

आमची शाळा चोपडा तालुक्यातील एका खेड्यात आहे. पत्र्याचे छप्पर १२० चौरस मीटर असून पन्हळीतले नुकसान धरून पावसाचा ०.८ भाग टाकीत उतरतो, असे मी मानले आहे. म्हणजे १ मिलिमीटर पावसाचे ९६ लिटर पाणी मिळते. टाकी ५००० लिटरची आणि शाळेच्या दिवशी वापर ४२० लिटर. रोजची शिल्लक या सूत्राने निघते:

```
=MAX(0,MIN(5000,D2+B3*96)-C3)
```

D2 ही कालची शिल्लक, B3 आजचा पाऊस आणि C3 आजचा वापर. आधी टाकी भरून वाहू दिली आहे आणि मग वापर वजा केला आहे. उलट केले, तर मुसळधार पावसाच्या दिवशीही संध्याकाळी टाकी काठोकाठ भरलेली दिसते, आणि ते खोटे समाधान मला नको होते.

सूत्र जागेवर होते. हंगामाच्या पावसाची बेरीज तीच होती. आलेले पाणी वापर, वाहून गेलेले आणि उरलेले यांच्या बेरजेशी लिटरपर्यंत जुळत होते, म्हणून मी दोन तास भलतीकडेच शोधत राहिले. मग १५ जूनसमोर ७८ मिलिमीटर दिसला. शाळेचा तो पहिला दिवस मला आठवतो. मैदानात धूळ उडत होती. खालच्या दिवशी ७१, त्याखाली ६४. संगणक आम्हा सर्वांचा एकच असून आठवीतील एका मैत्रिणीने सर्वांत मोठा पाऊस शोधण्यासाठी फक्त पावसाचा रकाना उतरत्या क्रमाने लावला होता. तारखा मात्र जागच्या जागी राहिल्या होत्या.

रागावण्याआधी मी कोऱ्या पानावर रिकाम्या टाकीत ६०, ४० आणि २० मिलिमीटर असे तीन पाऊस पाडून पाहिले. लागोपाठच्या तीन दिवशी ११,५२० लिटरपैकी ५६८० वाहून गेले. तेच पाऊस दहा-दहा शालेय दिवसांच्या अंतराने पाडले, तेव्हा पहिल्याच दिवशीचे ७६० लिटर गेले आणि पुढे थेंबही नाही. याचा अर्थ, हंगामाची सरासरी घेऊन टाकीचा आकार ठरवणारी माझी पहिल्या नोंदीतील पद्धत चुकीचीच होती. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पाऊस उघडीप देतो आणि भरलेली टाकी बारा शालेय दिवसही पुरत नाही.

पावसाचे आकडे मी विज्ञानाच्या सरांच्या पर्जन्यमापकाच्या वहीतून पुन्हा भरले. आता तारीख आणि पाऊस यांचे रकाने कुलूपबंद असून मैत्रिणीसाठी शेजारी वेगळी प्रत ठेवली आहे. सर्वांत मोठा पाऊस कधी पडला, हे तिला अजून शोधायचेच आहे.