सलून दोघींचं, करार कागदावर: आमच्या भागीदारी पत्राचा अनुभव

कर्वेनगरमध्ये गाळा ठरला तेव्हा माझं आणि मैत्रिणीचं बोलणं एका वाक्यात संपलं होतं, "अर्धं तुझं, अर्धं माझं." भांडवल मात्र अर्धं-अर्धं नव्हतं. तिने सहा लाख घातले, मी तीन. मी हेअर आणि ब्रायडल मेकअप करते, म्हणजे दिवसभर सलूनमध्ये उभी राहणार मी. तिची नोकरी चालूच राहणार होती. ती संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी येऊन हिशेब, माल आणि पगार बघणार होती. सीएंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रोज दहा तास उभं राहण्याचे पैसे कुठे लिहिलेत? आणि तिने जादा घातलेल्या पैशांचे?"

भागीदारीचा कायदा 1932 सालचा आहे. करारात काही लिहिलं नसेल तर तो नफा सारखा वाटतो, काम करणाऱ्याला मेहनताना देत नाही आणि भांडवलावर व्याजही देत नाही. म्हणजे आम्ही नुसतं "अर्धं-अर्धं" लिहिलं असतं तर माझे तासही फुकट आणि तिचे जादा तीन लाखही फुकट. म्हणून सीएंनी पैशाचे तीन भाग करायला सांगितले: आधी भांडवलावर व्याज, मग कामाचा मेहनताना आणि उरेल तो नफा निम्मा-निम्मा.

त्यांनी कागदावर एक महिना मांडून दाखवला. भाडं, पगार, माल, वीज जाऊन नव्वद हजार उरले असं धरलं. आयकरात भागीदाराला दिलेलं व्याज 12 टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून चालतं, म्हणून आम्ही तोच दर घेतला. महिन्याला तिचं व्याज सहा हजार, माझं तीन हजार. माझा मेहनताना तीस हजार, तिचा आठ हजार. उरले त्रेचाळीस हजार, त्याचे निम्मे साडेएकवीस. एकूण मला साडेचोपन्न हजार आणि तिला साडेपस्तीस. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला हे पटतंय. मी नोकरी सोडून इथे आले तर माझा आकडा वाढेल, एवढंच लिही." ते कलम आम्ही घातलं.

मेहनतान्याचा आकडा किंवा तो काढायची रीत करारात स्पष्ट हवी. "भागीदार परस्पर संमतीने ठरवतील" एवढंच लिहिलं तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. शिवाय वर्षभरात मेहनताना आणि व्याज मिळून वीस हजारांच्या वर गेले की फर्मला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. मंदीच्या महिन्यासाठी क्रमही ठरवला. आधी मेहनताना द्यायचा, व्याज साठत ठेवायचं आणि मार्चअखेर नफा असेल तरच ते द्यायचं. महिन्याला घेतो ती उचल, खरा हिशेब वर्षाचा.

कामाच्या वाटणीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो लग्नसराईच्या ऑर्डरींवर. नवरीच्या घरी किंवा कार्यालयात जाऊन मी मेकअप करते, त्या ऑर्डरी माझ्या ओळखीने येतात. ते पैसे कुणाचे? माझं म्हणणं होतं की माझ्या हाताचे. पण सलूनची किट वापरायची, सलूनची मुलगी हाताखाली न्यायची आणि शनिवारची खुर्ची रिकामी ठेवायची, तर तो धंदा फर्मचाच होतो. कायदाही असा नफा फर्मला द्यायला लावतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. शेवटी असं लिहिलं: प्रत्येक ब्रायडल ऑर्डर सलूनच्या बिलावरच घ्यायची, वरखर्च काढून उरलेल्या रकमेचे तीस टक्के मला जादा मेहनताना आणि बाकी फर्मला. खरेदीलाही मर्यादा घातली. दहा हजारांपर्यंत एकटीची सही चालेल, त्यावर दोघींची. कर्ज काढायला नेहमीच दोघींची. एकीने केलेल्या व्यवहाराला दुसरीही पूर्ण जबाबदार असते, म्हणून ही मर्यादा बँकेलाही लेखी कळवली.

बाहेर पडण्याच्या कलमावर वकीलबाईंनी आम्हाला थांबवलं. तोट्याबद्दल काही लिहिलं नाही तर तोटाही नफ्याच्याच प्रमाणात वाटला जातो. त्यांनी विचारलं, दोन वर्षांनी सलून बंद केलं तर हातात काय येईल? आम्ही अंदाज केला. डिपॉझिट, खुर्च्या आणि हेअर वॉश स्टेशनची घसारा वजा जाता किंमत, माल आणि बँकेतली शिल्लक मिळून सहा लाख दहा हजार. त्यातून पुरवठादार आणि पगाराची देणी सत्तर हजार वजा. शिवाय आधीच विकलेल्या पॅकेजेसची न वापरलेली रक्कम नव्वद हजार, कारण ते पैसे ग्राहकांचे, फक्त आपल्याकडे जमा असलेले. उरले साडेचार लाख. भिंतींवरचं फर्निचर आणि प्लंबिंग गाळ्यातच राहतं, त्याचा रुपयाही परत येत नाही.

म्हणजे नऊ लाखांतले साडेचार लाख गेले. ते निम्मे-निम्मे वाटले तर दोघींचे सव्वादोन-सव्वादोन लाख जातात. तिला पावणेचार लाख मिळतात आणि मला फक्त पंचाहत्तर हजार. भांडवलाच्या प्रमाणात वाटले तर तिला तीन लाख, मला दीड. मी स्पष्टच बोलले, "तुझ्या सहातले पावणेचार वाचतात आणि माझ्या तीनातला पाऊणच, हे मला झेपणार नाही." तिचंही एक म्हणणं होतं, "ग्राहक तुझ्या हातावर येतात. तू उद्या समोरच्या गल्लीत दुकान टाकलंस तर माझ्याकडे काय उरतं?" दोन्ही मुद्दे खरे होते, म्हणून ते एकमेकांना बांधले. भांडवलाचा तोटा दोनास एक या प्रमाणात वाटायचा आणि मी बाहेर पडले तर वर्षभर दोन किलोमीटरच्या आत सलून काढायचं नाही, यादीतल्या ग्राहकांना बोलवायचं नाही. मुदत आणि हद्द वाजवी असेल तर असं बंधन कायद्याला मान्य आहे.

दोघींचीच फर्म असल्यामुळे एक गेली की फर्म संपते, उरलेलीने एकटीच्या नावावर धंदा चालवायचा. म्हणून नव्वद दिवसांची लेखी सूचना ठरवली. सूचना देणारी पूर्ण सलूनची किंमत सांगेल आणि त्या किमतीने घ्यायचं की द्यायचं ते दुसरी ठरवेल. माझ्याकडे एकरकमी पैसे नसतील हे उघड होतं, म्हणून चौथा हिस्सा लगेच आणि बाकी बारा हप्त्यांत. नाव, फोन नंबर, इन्स्टाग्रामचं पान आणि गाळ्याचा भाडेकरार घेणारीकडे राहणार. भाडेकरार आम्ही मुद्दाम फर्मच्या नावाने केला आणि फर्म बदलली तर नव्या नावाने करून देईन, असं घरमालकांकडून लिहून घेतलं. जाणारीने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि निबंधकांकडेही कळवायचं, नाहीतर नंतरच्या देण्यांसाठी बाहेरचे लोक तिलाही धरू शकतात.

मुद्रांक शुल्क भांडवलाच्या एक टक्का, नऊ हजार रुपये, ऑनलाइन चलनाने भरलं. दोन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या. मग पुण्याच्या भागीदारी संस्था निबंधकांकडे नोंदणीचा अर्ज केला. नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर फर्मला बाहेरच्यांवर करारापोटी दावा लावता येत नाही आणि भागीदारालाही या पत्रातला आपला हक्क कोर्टातून मागता येत नाही. फर्मचं पॅन आणि चालू खातं त्याच पत्रावर निघालं. पॅकेजेसची वही मैत्रीण ठेवते, आणि दर महिनाअखेरीला न वापरलेल्या रकमेपुढे आम्ही दोघी सही करतो.