दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द कसे मोजायचे

“मुलीला दोन वर्षं झाली. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी. दोन्हीकडे मोजकेच शब्द बोलते आणि वाक्यात सरमिसळ करते. तिचा गोंधळ होतोय का? एक भाषा बंद करावी का?”

भाषा बंद करू नका. आधी शब्द मोजा, आणि तेही दोन्ही भाषांतले एकत्र. बहुतेक घरांत काळजी सुरू होते ती मोजणी अर्धीच झालेली असते म्हणून.

घरी एक वही ठेवा आणि आठवडाभर मूल आपणहून वापरतं ते शब्द लिहून काढा. पाळणाघरातल्या ताईंनाही त्यांची वेगळी यादी करायला सांगा, कारण तिथे मूल काय बोलतं ते आईबाबांना ऐकू येत नाही. उच्चार शुद्ध असायची गरज नाही. ‘पाणी’ला दर वेळी ‘पापी’ म्हणत असेल तर तो शब्द धरायचा. कुत्र्यासाठी ‘भू भू’ हाही धरायचा. मात्र तुमच्या पाठोपाठ नुसता म्हटलेला किंवा गाण्यातल्या ओळीत अडकलेला शब्द सोडून द्यायचा. घरी मराठी बोलतानाही आपण ‘बॉल’च म्हणतो, तेव्हा तो दोन्ही याद्यांत आला तरी एकदाच मोजायचा.

उदाहरणादाखल समजा, मराठीचे 38 शब्द निघाले आणि इंग्रजीचे 26. एकूण 64. त्यांतल्या 11 गोष्टींना मुलीकडे दोन्ही नावं आहेत, म्हणजे ‘दूध’ही आणि ‘मिल्क’ही. त्या जोड्या एकेकदाच धरल्या तर तिच्याकडे 53 वेगवेगळ्या गोष्टींसाठी शब्द आहेत. दोन वर्षांच्या मुलासाठी आम्ही जी ढोबळ रेघ धरतो ती 50 शब्दांची, आणि ती दोन्ही भाषांच्या बेरजेला लावायची असते. ही मुलगी रेघेच्या पलीकडे आहे. पण पाळणाघरात तिचे 26 शब्दच ऐकू येतात, आणि तिथून ‘मागे पडली आहे, घरीही इंग्रजी बोला’ असा निरोप येतो.

एकेक यादी लहान का राहते, हे तास मोजले की कळतं. मूल रोज साधारण बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला 84 तास. पाळणाघरात पाच दिवस, नऊ ते सहा, त्यातली दोन तासांची झोप वजा केली की इंग्रजीच्या वाट्याला 35 तास येतात, बाकीचे 49 मराठीच्या. कोणत्याही एका भाषेला पूर्ण दिवस मिळतच नाही. शब्द हे ऐकण्यातून आणि उत्तर देण्यातून येतात, म्हणून ज्या भाषेला वेळ कमी तिची यादी लहान. तासांचं आणि शब्दांचं प्रमाण अगदी जुळेलच असं नाही, पण कल तोच असतो. एखाद्या भाषेचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली गेला तर मूल ती समजतं पण बोलायचं टाळतं, असं पुष्कळदा दिसतं. म्हणून भाषा टिकवायची तर काळजी घ्यायची ती तासांची.

आता सरमिसळ. मूल म्हणतं, “कॅटला दूध दे.” ‘मांजर’ हा शब्द त्या क्षणी आठवला नाही किंवा अजून आलाच नाही, म्हणून हाताशी होता तो घेतला. पण ‘ला’कडे बघा. तो नामाच्या मागेच लागला आहे आणि क्रियापद शेवटी आलं आहे. वाक्याचा सांगाडा पूर्ण मराठी, त्यात एकच शब्द बाहेरचा. खरंच गोंधळ असता तर ‘ला’ कुठेही जाऊन पडला असता. आणि घरातली मोठी माणसं ‘टॉवेल वॉश करून ठेव’ असं बोलत असतील, तर मूल ते जसंच्या तसं शिकतं. ती त्या घराचीच भाषा आहे. मुलाला चूक म्हणून टोकू नये. “हो, मांजरीला दूध देऊया” एवढं म्हटलं की शब्द त्याच्यापर्यंत पोचतो.

दोन भाषा वेगळ्या ठेवायचं काम बाळ पहिला शब्द बोलण्याच्या कितीतरी आधी सुरू करतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या कानांना लगेच कळेल असा आहे. बाळाला हिंदीतला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, मध्येच ‘त’चा ‘ट’ करायचा. आवाज बदलल्यावर बाळाने मान वळवली की बाजूला एक खेळणं उजळून हलायला लागतं, त्यामुळे फरक ऐकू आला की बाळ मान वळवतंच. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली, जरी इंग्रजीत हा भेद नाही. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्या बाळांनी वळवली. हिंदी ऐकणाऱ्या बाळांचा हा भेद मात्र शाबूत राहिला. म्हणजे रोजच्या ऐकण्यात ज्या भेदांचा उपयोग होतो ते कान जपून ठेवतो. दोन भाषा रोज कानावर असतील तर दोन्हींचे.

पण हे माणसांकडून ऐकावं लागतं. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मँडरिन बोलणारी व्यक्ती समोर बसून खेळली, तर बारा बैठकांत ती बाळं मँडरिनचे आवाज ओळखू लागली. तीच माणसं पडद्यावर दाखवली तेव्हा काहीच फरक पडला नाही. दुसरी भाषा कार्टूनमधून येईल यावर विसंबून राहू नका.

उलट दिशेची चूकही तितकीच होते, आणि ती जास्त महागात पडते: ‘दोन भाषा आहेत, उशीर होणारच, थांबा.’ दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, आणि विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. इंग्रजी अडखळते पण मराठीत मूल गोष्ट सांगतं, तर तो ऐकण्याच्या तासांचा प्रश्न. दोन्हीकडे सारखंच अडत असेल तर थांबू नका. वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज नाहीत किंवा बोटाने काही दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत कोणत्याही भाषेत ‘बाबा ये’, ‘अजून दूध’ असे स्वतः जोडलेले दोन शब्द नाहीत, किंवा आलेले शब्द गेले, तर तपासणी करून घ्या. ‘थँक यू’ इथे दोन शब्द धरू नका, मुलासाठी तो एकच आहे.

पहिली तपासणी कानांची. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की मुलाला कधी नीट ऐकू येतं, कधी दबकं. हाकेला ओ देतं म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही, आणि ‘स’, ‘त’ यांसारखे बारीक आवाज मात्र निसटत राहतात. कानांची तपासणी कोणत्याही वयात करता येते, मूल बोलत नसलं तरी. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाताना ती वही बरोबर न्या, दोन्ही याद्यांसकट. त्यांना एकच भाषा येत असेल तर दुसऱ्या भाषेतलं मुलाचं बोलणं फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करून न्या, खेळताना सहज बोलतं ते, आणि कुठे काय म्हणालं ते शेजारी लिहून ठेवा.