बत्तीस हजारांतून पाच हजार सहाशे कसे गेले? मानधनाचं पत्र पुन्हा लिहिताना

आमच्या संस्थेत पाहुण्या वक्त्याला मानधन कळवायचा एक मसुदा माझ्या आधीपासून चालत आलेला आहे. नाव आणि आकडा बदलायचा, सचिवांची सही घ्यायची, की पत्र तयार. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘आपले मानधन रु. ३२,०००/- मंजूर झाले असून नियमाप्रमाणे करकपात करून उर्वरित रक्कम यथावकाश आपल्या खात्यात जमा करण्यात येईल.’

हे पत्र जानेवारीत अकोल्याच्या सरांना गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. ते निवृत्त कीटकशास्त्रज्ञ आहेत. आम्ही दारव्हा तालुक्यात कपाशीवाल्या शेतकऱ्यांसाठी जे प्रशिक्षण घेतो, त्यात गुलाबी बोंडअळीवर तेच बोलतात. ऑगस्टमध्ये कामगंध सापळे कसे लावायचे हे सांगायला आले होते. जानेवारीत फरदड का घेऊ नये, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी का ठेवू नये, आणि वाळलेल्या पऱ्हाट्यांचं काय करायचं, यावर सत्रं झाली. माणूस शांत, पण मोघम बोलणं त्यांना चालत नाही.

“मॅडम, नियमाप्रमाणे म्हणजे किती जातील जी? अन् यथावकाश म्हणजे होळीच्या आधी का नंतर?” मग जरा थांबून म्हणाले, “त्याच खात्यात माझी पेन्शन येते. पासबुकात कोणता आकडा शोधू, तेवढं सांगा.”

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पत्र वाचून पैसे किती आणि कधी येणार हे कळत नसेल, तर ते मानधनाचं पत्र कसलं? मी आमच्या हिशेब पाहणाऱ्या काकांकडे गेले. म्हटलं आकडा विचारू आणि पत्रात टाकू, पाच मिनिटांचं काम. बत्तीस हजारांवर दहा टक्के, म्हणजे तीन हजार दोनशे, असं मी मनात धरलंच होतं.

काकांनी रजिस्टर उघडलं आणि ५,६०० सांगितले.

मला आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा आकडा वाचताहेत. त्यांनी ऑगस्टचं पान काढून दाखवलं. तेव्हा सहा सत्रं झाली होती, दर सत्राला ४,००० प्रमाणे २४,००० रुपये गेले होते, आणि टीडीएसच्या रकान्यात रेघ होती. २०२५-२६ मध्ये व्यावसायिक सेवेच्या शुल्कावर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली दहा टक्के कपात व्हायची. पण एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला दिलेली एकूण रक्कम ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर कपात करायची नसते. ही मर्यादा पूर्वी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. ऑगस्टमध्ये सरांचे २४,०००च होते आणि त्यांना पुन्हा बोलावायचं तेव्हा ठरलेलं नव्हतं. म्हणून काही कापलं नाही, आणि ते बरोबरच होतं. जानेवारीत आठ सत्रांचे ३२,००० झाले. दोन्ही मिळून ५६,०००, म्हणजे मर्यादा ओलांडली.

इथेच खरी मेख आहे. मर्यादा ओलांडली की कर फक्त वरच्या सहा हजारांवर लागत नाही आणि फक्त या वेळच्या बत्तीस हजारांवरही लागत नाही. वर्षभराच्या सगळ्या ५६,००० वर लागतो. ऑगस्टचे पैसे तर कधीच देऊन झालेत, त्यामुळे त्यांचा टीडीएसही आताच्याच रकमेतून जातो. ५६,००० चे दहा टक्के ५,६००. बत्तीस हजारांतून ते गेले की उरतात २६,४००.

मग मला पुढचं दिसलं. मी पत्रात नुसता ‘टीडीएस ५,६००’ असा आकडा टाकला असता, तरी सरांनी बत्तीस हजारांना दहाने भागून पाहिलंच असतं. ३,२०० येतात, मग वरचे २,४०० कुठे गेले? दुसरा फोन नक्की होता, आणि या वेळी जरा वरच्या पट्टीतला. म्हणजे पत्रात रकमेइतकीच ती रक्कम कशावर काढली हेही यायला हवं, आणि ऑगस्टचा उल्लेख त्यात हवाच हवा.

पत्र लिहिण्याआधी काकांनी आणखी एक गोष्ट तपासायला लावली. सरांचा पॅन आमच्याकडे होता, पण तो आधारशी जोडलेला आहे का? पॅन दिलाच नाही किंवा आधार न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर दहाऐवजी वीस टक्के कापावे लागतात. सरांच्या बाबतीत ते ११,२०० झाले असते. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही आधार जोडणीची स्थिती पाहता येते. पॅन आणि आधार क्रमांक टाकायचा, बस्स. सरांना फोन करून विचारलं, त्यांनी पाहून सांगितलं, जोडलेला आहे. त्याच फोनवर त्यांनी विचारलं, “बँकेत व्याजावर कर कापू नये म्हणून मी १५एच फॉर्म देतो. तुम्हालेही देऊन टाकू का?” मी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली. १५एच बँकेच्या व्याजासारख्या काही ठरावीक उत्पन्नांसाठी चालायचा, १९४जे खालच्या मानधनाला चालत नव्हता. कमी कपात हवी असेल तर आयकर विभागाकडून तसं प्रमाणपत्र आणावं लागतं. पाच हजारांसाठी सर त्या भानगडीत पडणार नव्हते. कापलेली रक्कम त्यांच्याच नावावर भरली जाते, विवरणपत्रात ती धरता येते, आणि कर तेवढा बसत नसेल तर परतही मिळते. हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मंग ठीक आहे, कागद मात्र द्या.”

प्रवासखर्चाचा घोळ वेगळाच. जुन्या मसुद्यात मानधन आणि प्रवास एकाच आकड्यात घालायची पद्धत होती. तसं केलं तर आणि बिल एकत्रित आलं तर टीडीएस सगळ्या रकमेवर बसतो, तिकिटाच्या पैशांवरही. प्रत्यक्ष खर्चाची तिकिटं जोडून वेगळी मागणी असेल, तर ती परतफेड असते आणि तिच्यातून काही कापायचं कारण नसतं. सरांनी एसटीची तिकिटं एका पाकिटात नीट जपून ठेवली होती, कारंज्याला गाडी बदलल्यामुळे जाता-येता दोन-दोन. वय पासष्टच्या वर असल्यामुळे सगळी अर्ध्या भाड्याची. आमच्याकडे मोटारीने येणारे वक्ते पेट्रोलचं बिल देतात, त्यापुढे हे पाकीट फारच हलकं होतं. बसस्टँडवरून सभागृहापर्यंतचा ऑटो धरून १,०४० रुपये झाले.

राहिली तारीख. यावर मात्र काकांची आणि माझी थोडी जुंपली. त्यांचं म्हणणं, तारीख लिहू नका, सचिव बाहेरगावी गेले तर सही अडकते. माझं म्हणणं, तारीख नसेल तर पत्र बदलूच नका. शेवटी तोडगा असा निघाला, की सचिव आणि कोषाध्यक्ष दोघंही जागेवर असतील तो दिवस आधी त्यांच्याकडून पक्का करायचा आणि मगच पत्र काढायचं. शुक्रवार, ३० जानेवारी ठरली. सव्वीस जानेवारीच्या आठवड्यात झेंडावंदनासाठी दोघंही गावातच राहणार होते. काकांना ती आणखी एका कारणाने पटली. टीडीएस ज्या महिन्यात कापतो, त्याच्या पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत तो भरावा लागतो. जानेवारीत कापला तर ७ फेब्रुवारी, हिशेब सरळ. आणि पत्रात ‘जमा होईल’ऐवजी ‘पाठवू’ लिहायचं, हेही त्यांनीच सांगितलं. आपण पाठवायची तारीख सांगू शकतो, समोरच्या बँकेत खात्यावर कधी दिसेल ती सांगू शकत नाही.

नवं पत्र असं झालं:

‘मा. सर, सादर नमस्कार.

जानेवारी महिन्यातील आठ सत्रांचे मानधन पुढीलप्रमाणे पाठवत आहोत.

मानधन (८ सत्रे, प्रत्येकी ४,००० रु.): ३२,००० रु.
वजा टीडीएस: ५,६०० रु.
टीडीएस वजा जाता मानधन: २६,४०० रु.
प्रवासखर्च, तिकिटांप्रमाणे (यावर कपात नाही): १,०४० रु.
खात्यावर पाठवण्याची एकूण रक्कम: २७,४४० रु.

टीडीएसविषयी: ऑगस्टमध्ये आपणास २४,००० रु. दिले, तेव्हा कपात केली नव्हती. ते आणि आताचे ३२,००० मिळून २०२५-२६ या आर्थिक वर्षात ५६,००० रु. होतात. ५०,००० रुपयांची मर्यादा ओलांडल्यामुळे कलम १९४जे प्रमाणे पूर्ण ५६,००० रुपयांवर १० टक्के कपात या वेळी एकत्र केली आहे.

वरील २७,४४० रु. शुक्रवार, ३० जानेवारी २०२६ रोजी आपल्या पेन्शनच्या खात्यावर एनईएफटीने पाठवू आणि यूटीआर क्रमांक त्याच दिवशी फोनवर कळवू. टीडीएस ७ फेब्रुवारीपर्यंत आपल्या पॅनवर भरला जाईल. फॉर्म १६ए आपणास १५ जूनपर्यंत मिळेल. तोवर फॉर्म २६एएसमध्ये ही नोंद दिसली नाही तरी काळजी नसावी.’

शेवटचं वाक्य सचिवांना नको होतं. म्हणाले, दिसणार नाही हे आपणच कशाला सांगायचं? पण जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र भरायला ३१ मेपर्यंत मुदत असते, आणि ते भरून झाल्यावरच नोंद वक्त्याच्या नावावर चढते. सर फेब्रुवारीत संकेतस्थळ उघडून बघणार, नोंद नसणार, आणि आम्ही पैसे कापून खिशात घातले असं त्यांना वाटणार. हे सांगितल्यावर वाक्य राहिलं. मला आभाराचा एक लांबलचक परिच्छेद काढून टाकायचा होता, तो मात्र सचिवांनी परत घातला. त्यांच्या हट्टापुढे मी तिथे नमतं घेतलं.

तीस तारखेला दुपारी बँकेतून पावती आली, मी यूटीआर पाठवला. संध्याकाळी सरांचा निरोप आला: ‘२७,४४० जमा. आकडा जुळला.’

आता मसुदा नव्याने साठवून ठेवताना काकांनी त्यावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या आहेत. एक, १ एप्रिल २०२६ ला वर्षाची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते, तेव्हा सरांच्या जूनमधल्या सत्रांना २०२५-२६ चे ५६,००० धरायचे नाहीत. दोन, त्याच दिवसापासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा ‘१९४जे’ हा शब्द मसुद्यातून तसाच उतरवायचा नाही. त्या जागी मी सध्या रिकामी चौकट ठेवली आहे आणि बाजूला लिहिलंय, ‘काकांना विचारून भरणे’.