सात काड्या

तिसरी अ च्या वर्गात १९८३ सालच्या पावसाळ्यात एका दिवशी ५१७ काड्या जमल्या, आणि त्यातल्या सात माझ्या होत्या. आणायच्या होत्या दहा. बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "प्रत्येकाने खराट्याच्या दहा काड्या आणायच्या, चार बोटं लांबीच्या." आईने जांभळी नाक्यावरून नवाकोरा खराटा आणला होता. त्यातल्या सात काड्या मोडून झाल्या तेव्हा आई मोरीतून बाहेर आली. पुढचं लिहीत नाही. सात घेऊन मी शाळेत गेलो.

वर्गाचा पट ५४ चा, त्या दिवशी हजर ५२. बाईंनी सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणून तिच्या बारीक चकत्या कापून ठेवल्या होत्या. आपल्या दहा काड्या मोजायच्या, चकती चढवायची, की झाला एक दशक. माझ्या सात काड्यांना चकती मिळाली नाही. मी मागून पाहिली, तर बाई म्हणाल्या, "दहा झाल्याशिवाय बांधायचं नाही. सुट्याच राहू देत."

शहाबादी फरशीवर खडूने तीन मोठे चौकोन आखलेले होते. वर श, द, ए. मुलं एकेक करून आपला गठ्ठा द च्या चौकोनात ठेवून येत होती. माझ्या सात काड्या ए मध्ये एकट्या पडल्या. द मध्ये गठ्ठ्यांचा ढीग झाला तसं बाईंनी मोजायला लावलं. दहा गठ्ठे झाले की सुतळीने एकत्र बांधायचे आणि शेजारच्या श च्या चौकोनात सरकवायचे. असे पाच भारे श मध्ये गेले, द मध्ये एक गठ्ठा उरला, ए मध्ये माझ्या सात. "पाच शतक, एक दशक, सात एकक," सगळा वर्ग ओरडला. बाईंनी फळ्यावर लिहिलं: ५१७ = ५०० + १० + ७.

हे विस्तारित रूप. पुस्तकात ते एका ओळीत संपतं. आमच्याकडे त्याला तीन-चार दिवस लागले, आणि त्याचं कारण ब तुकडी.

ब तुकडीच्या बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "एक गठ्ठा द्या हो, मुलांना दाखवायला." आमच्या बाईंनी द मधला तो एकुलता एक गठ्ठा उचलून देऊन टाकला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आता पाटीवर लिहा, किती उरल्या?"

पाचशे सात, हे तोंडाने सगळ्यांना आलं. पाटीवर मात्र गोंधळ. मी लिहिलं ५००७. का, तर पाचशे म्हणजे ५००, आणि पुढे सात. जसं ऐकलं तसं लिहिलं. चेंदणी कोळीवाड्यातून येणारा माझा शेजारी हुशार. त्याने चौकोनांत पाहून लिहिलं. श मध्ये पाच, ए मध्ये सात, मधे काहीच नाही, म्हणून ५७. आणि फरशीपलीकडे, आमच्या समोर बसलेल्या चार-पाच जणांच्या पाट्यांवर ७०५ होतं! त्यांना तो तक्ता उलटा दिसत होता, ए डावीकडे आणि श उजवीकडे. बाईंनी कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना उठवून एकाच बाजूला बसवलं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण हल्ली मी कुणाला मुलांना गोल करून बसवून हा तक्ता शिकवताना पाहिलं की मला हटकून ते ७०५ आठवतं.

शेजाऱ्याच्या ५७ चा निकाल लगेच लागला. बाईंनी त्याला म्हटलं, "बरं, सत्तावन्न काड्या फरशीवर मांड." त्याने भारे बाजूला सारले, द मध्ये पाच गठ्ठे ठेवायला हात पुढे केला आणि थांबला. गठ्ठे तर नव्हतेच, भारे होते. तक्त्याच्या चौकोनात रिकामी जागा दिसते. कागदावर चौकोन नसतात, त्यामुळे ती जागा दिसेनाशी होते आणि पाच सरकून सातला चिकटतो. ती जागा धरून ठेवायला शून्य.

माझं ५००७ जास्त चिवट होतं, कारण माझ्या मते ते बरोबर होतं. पाचशेही लिहिलेत, सातही लिहिलेत, मग चुकलं काय? त्यासाठी बाईंनी दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा संच आणला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर आकडे लिहिलेले. एककाचे नऊ पत्ते, १ ते ९, एका घराच्या रुंदीचे. दशकाचे नऊ, १० ते ९०, दोन घरांचे. शतकाचे नऊ, १०० ते ९००, तीन घरांचे. एकूण सत्तावीस. शून्याचा वेगळा पत्ता नव्हता, तो त्या पत्त्यांच्या पोटातच होता.

मला त्यांनी ५०० चा पत्ता दिला आणि ७ चा. "एकावर एक ठेव. उजवी कड उजव्या कडेला." मी सात ठेवला. तो ५०० च्या शेवटच्या शून्यावर नेमका बसला आणि खाली दिसलं ५०७. मी सात उचलला: ५००. परत ठेवला: ५०७. त्या शून्याखाली काही दडलेलं नव्हतं, सात त्याच्या जागेवर येऊन बसला होता, एवढंच. माझं ५००७ करायचं तर सात शेजारी ठेवावा लागत होता, आणि मग चार घरं होत होती. आमच्या सबंध संचात चार घरांचा पत्ताच नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं असेल-नसेल, मला आठवत नाही. पत्ता उचलून परत ठेवणं मात्र बोटांना अजून आठवतं.

पुढे तीस वर्षं मी पतपेढीत काउंटरवर बसलो. पैसे काढायच्या स्लिपवर अक्षरी 'पाचशे सात' आणि आकड्यात ५००७ असं लिहिणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. स्लिप परत करताना मला कधी हसू आलं नाही.

आता आमच्या भाषेची गंमत. बाई म्हणाल्या, लिहा, "चारशे त्रेपन्न." अर्ध्या वर्गाने ४३५ लिहिलं. त्यांचा दोष नाही. मराठीत आधी शतक ऐकू येतं, मग एकक, शेवटी दशक. 'त्रे' आधी कानावर पडतो, 'पन्न' नंतर. बाईंची युक्ती अशी की तक्त्यात लिहिताना डावीकडून उजवीकडे जायलाच हवं असं नाही. 'चारशे' ऐकलं, श मध्ये ४. 'त्रे' ऐकलं, द सोडून थेट ए मध्ये ३. 'पन्न' ऐकलं, मागे येऊन द मध्ये ५. ऐकलं त्या क्रमाने भरा, घर चुकलं नाही म्हणजे झालं. मग वाचा: ४०० + ५० + ३. पंधरा दिवस आम्ही अशी उडी मारत लिहीत होतो, नंतर तक्ता न आखता हात आपोआप मधली जागा सोडायला लागला.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' असंही वाचायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. मला ती पद्धत वाईट वाटली नाही, पण भाजीवाली काही 'पन्नास तीन' म्हणणार नाही, तेव्हा ती उडी मुलांना कधीतरी मारावीच लागणार. 'एकोणसाठ'सारख्या आकड्याला मात्र उडीही कामाची नाही. 'साठ' ऐकू येतं म्हणून मूल द मध्ये ६ लिहून मोकळं होतं. तिथे एकोण म्हणजे एक कमी, हे पाठच हवं.

माझी अजून एक फजिती सांगतो. घटक चाचणीत ५०७ चं विस्तारित रूप मी ५ + ० + ७ असं लिहिलं. तक्त्यात तेच तर दिसत होतं! बाईंनी शेरा मारला नाही. मला फरशीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "कर बेरीज." मी केली, बारा. "मग बारा काड्या आहेत का इथे?" श मध्ये सुतळीने आवळलेले पाच भारे होते. पाच हा आकडा भाऱ्यांचा होता, काड्यांचा नव्हता. तक्ता नुसता कागदावर भरला की ही चूक लपते, मूल आकडे उचलून घरांत टाकतं आणि सगळं बरोबर दिसतं. त्यामुळे बाई कधी मुद्दाम उलटसुलट विचारायच्या: "सात एकक, पाच शतक, दशक एकही नाही. सांग." किंवा त्याहून वाईट: "चार शतक, दहा दशक, सात एकक. किती?" ज्याला चौकोन भरायचीच सवय होती तो ४१०७ लिहायचा. ज्याने सुतळी सोडली होती तो लगेच म्हणायचा, पाचशे सात.

आणि सुतळी सोडायची वेळ आलीच. ५०७ मधून १३८ वजा करायचे होते. सातातून आठ जात नाहीत, शेजारी उसना मागायला जावं तर द चं घर रिकामं. मी म्हटलं, "बाई, ब तुकडीने नेलाय." वर्ग हसला. बाईंनी एक भारा सोडला, दहा गठ्ठे द मध्ये आले. त्यातल्या एकाची चकती काढली, दहा काड्या ए मध्ये सांडल्या. आता चार शतक, नऊ दशक, सतरा एकक. काड्या तेवढ्याच, पाचशे सात. सतरातून आठ गेले नऊ, नवातून तीन गेले सहा, चारातून एक गेला तीन. उरल्या ३६९. शून्याचा नऊ का होतो हे पुढे कुठल्याही गणितात मला कुणाला विचारावं लागलं नाही. तो दहावा गठ्ठा सुटताना मी पाहिला होता.

त्या वजाबाकीनंतर बाईंनी सगळं परत बांधायला लावलं. तोवर मी उरलेल्या तीन काड्या आणल्या होत्या, आईने स्वतः मोडून दिल्या. सात आणि तीन, दहा. मला एक चकती मिळाली. ती चढवून गठ्ठा मी ए मधून उचलला आणि द मध्ये ठेवला. ए रिकामं झालं. फळ्यावर ५१० लिहायला बाईंनी मलाच बोलावलं, आणि मी ५०० + १० लिहून थांबलो. पुढे '+ ०' लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, नाहीतर नको लिहू, दोन्ही बरोबर."

ब तुकडीने नेलेला गठ्ठा वर्ष संपेपर्यंत परत आला नाही. त्या वेळच्या ब तुकडीतलं कुणी ही स्मरणिका वाचत असेल, तर अ तुकडीचं एक दशक तुमच्याकडे येणं आहे.