तुम्ही विचारलंत म्हणून: डिझायनरचं कोटेशन कमी करून घेताना

"ताई, पॅकेजिंगच्या डिझाइनचं कोटेशन बजेटच्या बाहेर आलंय. कमी करा म्हणायचं कसं? आणि तिने मनात धरून काम कसंतरी उरकून दिलं तर?"

पहिल्यांदा एक करा, शेवटच्या टोटलकडे बघणं थांबवा आणि तिला फोन करून विचारा की ह्यात कशाकशाचे किती धरलेत ते सुटं करून पाठवाल का. कुठलीही चांगली डिझायनर हे पाठवते, त्यात तिला अपमान वाटत नाही. उलट "कायतरी कमी करा ना" ह्याचं तिला खरंच उत्तर देता येत नाही, कारण नक्की काय कमी करायचं हेच तुम्ही सांगितलेलं नसतं, मग ती एकतर नाही म्हणते नाहीतर हो म्हणून वेळेत आणि मेहनतीत काटते. तुम्हाला जी भीती आहे ती तिथूनच सुरू होते.

आमचाच हिशोब सांगते म्हणजे कळेल. आमचे मसाल्यांचे 8 प्रकार, प्रत्येकाचे दोन साइजचे पाऊच, आणि कोटेशन आलं 96,000 चं. माझ्या डोक्यात साठच्या आत काहीतरी होतं. सुटं करून मागितल्यावर आलं ते असं: मुख्य डिझाइन, त्यात तीन वेगळे पर्याय दाखवणार, त्याचे 24,000. ते डिझाइन बाकीच्या 7 मसाल्यांवर बसवायचं, प्रत्येकी 5,000 म्हणजे 35,000. दुसऱ्या साइजचे 8 पाऊच प्रत्येकी 2,500 ने 20,000. प्रत्येक मसाल्याचं चित्र 1,500 ने 12,000. आणि प्रिंटरशी बोलून फाइली त्याला हव्या तशा करून द्यायचे 5,000.

हे समोर आल्यावर भाव करायची गरजच अर्धी संपली. दुसरी साइज आम्हाला सगळ्या आठांना लागत नव्हती, 200 ग्रॅमचं पाऊच खपतं ते फक्त कांदा-लसूण आणि गोड्या मसाल्याचं, बाकीचं लोक 100 ग्रॅमच नेतात, मी सुरुवातीला मागताना सरसकट "दोन्ही साइज" म्हटलं होतं म्हणून तिने आठ धरले. म्हणजे तिथे 15,000 गेले. तीन पर्यायांऐवजी दोन पुरतील, त्याआधी मी तिला दुकानातली आवडणारी आणि न आवडणारी पाकिटं फोटो काढून पाठवते असं सांगितलं, त्यावर तिने 24 चे 18 केले. 21,000 कमी झाले आणि तिच्या दराला कोणी हात लावला नाही. तिला वाईट वाटायचं कारणच काय, तेवढं काम तिला आता करावं लागणारच नव्हतं.

आता खरा दर, म्हणजे एकेका मसाल्यावर डिझाइन बसवायचे 5,000. इथे मी "5,000 जास्त आहेत" असं म्हटलं नाही, मी विचारलं, "मॅडम, एका व्हेरिएंटमध्ये तुमचा वेळ सगळ्यात जास्त कशात जातो?" आणि तिने जे सांगितलं ते पॅकेजिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. रंग बदलून चित्र बदलायला तिला फार वेळ लागत नाही, वेळ जातो पाठीमागच्या बाजूत. घटक पदार्थ, न्यूट्रिशनचा तक्ता, एफएसएसएआय लायसन्स नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच आणि तारखेसाठी मोकळी जागा, बेस्ट बिफोर, हिरवा ठिपका, कस्टमर केअरचा पत्ता, बारकोड. हे सगळं क्लायंट एकदम देत नाही. आज व्हॉट्सॲपवर घटक येतात, परवा लॅबचा रिपोर्ट येतो, मग कोणीतरी म्हणतं की हिंग लिहायचा राहिला, मग पत्ता बदलतो, आणि प्रत्येक वेळी सातही फाइली उघडून तेच करावं लागतं. वरून कधी कधी प्रिंटर पाऊचचा खरा नकाशा, म्हणजे डायलाइन, डिझाइन झाल्यावर पाठवतो आणि सील कुठे येतं, घडी कुठे येते ते बघितलं तर अर्धा मजकूर सीलखाली. मग परत सगळं सरकवा. हा त्रास होणारच असं धरून ती दर लावते, तिने मागचे क्लायंट बघितलेले असतात, तुम्ही वेगळे निघाल हे तिला कुठून कळणार.

म्हणून मी तिला सांगितलं की प्रिंटरकडून दोन्ही साइजची डायलाइन मी आधी आणून देते, सगळ्या मसाल्यांचा मजकूर एका एक्सेल शीटमध्ये, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आमच्या घरातल्या दोघांनी वाचून सही करून देते, आणि दुरुस्त्या फक्त दोन वेळा, त्याही सगळ्या गोळा करून एकदम. तिसऱ्या वेळेपासून तुम्ही वेगळे पैसे लावा. हे ऐकून तीच म्हणाली, "ताई, असं खरंच मिळणार असेल तर व्हेरिएंटला मी 4,000 करते." सातांचे 7,000 वाचले. आठ मसाल्यांचे सगळे मिळून झाले 68,000.

माझ्या साठात हे तरीही बसत नव्हतं. मग दोन भाग केले, आधी जास्त खपणारे 5 मसाले, त्यांचे 51,500, आणि उरलेले 3 दिवाळीच्या आधी त्याच दराने 16,500 ला. हे दोन्ही आकडे आणि दुसऱ्या भागाचा महिना ईमेलमध्ये लिहून दिला. "पुढे भरपूर काम देऊ" हे वाक्य प्रत्येक फ्रीलान्सरने इतक्या वेळा ऐकलेलं असतं की त्याच्यावर कोणी एक रुपया कमी करत नाही, आणि केला तर नंतर पस्तावतो. तीन मसाले, अमुक महिना, तमुक दर असं लिहिलेलं असेल तर ते काम असतं.

आता बघा, 28,000 कमी झाले त्यात दराची कपात फक्त 7,000 ची आणि तीही आम्ही काहीतरी करून मिळवलेली. कोणी विचारलं तर तिला दुसऱ्या क्लायंटसमोर सांगताही येतं की ह्यांना चार हजार का. हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण काही कारण नसताना दर उतरवला की माणसाला आधीचा दर खोटा होता असं कबूल केल्यासारखं वाटतं.

एक रक्कम मात्र मी मुद्दाम सोडली, प्रिंटरशी बोलायचे 5,000. तिथे कापू नका. मोठ्या संख्येत छापलेलं पाऊच असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर कोरतात आणि एकदा कोरल्यावर चूक सापडली तर त्या रंगाचा सिलिंडर परत करावा लागतो, तो खर्च डिझायनरच्या ह्या रकमेहून सहज मोठा होऊ शकतो. किती रंगात छापायचं हे तिने आणि प्रिंटरने आधी बोलून ठरवलं तर सिलिंडरही कमी लागतात. म्हणजे तिचे पाच हजार वाचवायला जाल आणि तिकडे छपाईत घालवाल.

पैसे कधी देणार हाही दराचाच भाग आहे, लोक तो बोलतच नाहीत. आम्ही सुरुवातीला 50 टक्के, डिझाइन पास झालं की 30, आणि छपाईच्या फाइली हातात आल्या की 20 असं ठरवलं. शेवटचा हप्ता "माल छापून आला की" असा ठेवू नका, छपाई आपल्यामुळे नाहीतर प्रिंटरमुळे लांबते आणि तिचे पैसे विनाकारण अडकतात. तुम्ही टीडीएस कापणार असाल तर तेही आधीच सांगा, नाहीतर खात्यात कमी रक्कम बघून तिला वाटतं की ठरवून परत कापले. आणि एडिटेबल फाइल मिळणार का हे दर ठरतानाच विचारा, काही जण फक्त छपाईची पीडीएफ देतात आणि एडिटेबल फाइलचे वेगळे घेतात, काम संपल्यावर हा विषय काढला की दोघांचीही चिडचिड होते.

एजन्सी असेल तर थोडं वेगळं. तिथे तुमच्याशी बोलणारा वेगळा, डिझाइन करणारा वेगळा, वर तपासणारा आणखी कोणी, आणि ह्या सगळ्यांचा वेळ कोटेशनमध्ये असतो. तेव्हा विचारायचं ते हे की आमच्याकडून एकच माणूस बोलेल आणि दर आठवड्याची मीटिंग नको, तर किती फरक पडेल. त्यांचा 18 टक्के जीएसटी बघून घाबरू नका, तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल तर त्याचं क्रेडिट साधारणपणे मिळतं, म्हणून फ्रीलान्सरशी तुलना करताना जीएसटी सोडून आकडा बघा. कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र तो खर्चच धरा. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या एजन्सीचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असा कायदाच आहे, त्यामुळे "60 दिवसांनी देतो पण दर कमी करा" असलं काही मागूच नका. उलट बिल आलं की आठवड्यात देतो असं म्हणा आणि द्या, छोट्या एजन्सीला ह्याची किंमत खूप असते.

दोन गोष्टी मी कोणालाच करू देत नाही. एक म्हणजे "दुसरा पंधरा हजारात करतोय" हे सांगणं. त्याच्या पंधरा हजारात काय आहे हे तिला माहीत नसतं, बऱ्याचदा तुम्हालाही नसतं, आणि त्यावर तिचं उत्तर एकच असू शकतं, मग त्यालाच द्या. दुसरं, काम झाल्यावर शेवटच्या बिलात घासाघीस. आधी कितीही बोला, हो म्हटल्यावर संपलं.

आणि कमी केलेला दर तिला जड जातोय का हे लवकर कळतं. चांगली डिझायनर सुरुवातीला प्रश्न विचारून भंडावते, हे पाऊच दुकानात उभं राहणार की टांगणार, तिखटपणा दाखवायचा का, गिऱ्हाईक कुठलं. हे प्रश्न बंद झाले, तुम्ही म्हणाल ते सगळं "ओके ताई" व्हायला लागलं, किंवा दुरुस्ती फक्त सांगितली तेवढीच होऊन शेजारची तीच चूक तशीच राहायला लागली, तर लगेच फोन करा आणि सरळ विचारा, "ह्या रकमेत हे काम तुम्हाला परवडतंय ना? नसेल तर एक मसाला कमी करू, पण असं नको." आम्ही पहिल्या फेरीनंतर विचारलं होतं, ती म्हणाली चित्रांत जरा जास्त वेळ जातोय, मग उरलेल्या तिघांची चित्रं आम्ही 1,500 ऐवजी 2,000 ने धरली.

इतकं करूनही जमलं नाही तर तिसऱ्यांदा मागू नका. मी असा मेसेज पाठवते: "मॅडम, तुमचा दर बरोबर आहे, माझ्याकडे आत्ता एवढेच आहेत. ह्या वेळी मी साध्या पाऊचवर स्टिकर लावून काढते, छापील पाऊच करायची वेळ आली की आधी तुम्हालाच फोन करते." आणि तेव्हा खरंच आधी तिलाच फोन करायचा.